आकडे येतात, पण ‘अक्षरी लिहा’ म्हटलं की चुकतात : जपानीच्या पहिल्या सत्राचे स्वाध्याय

प्रश्न : “मी मराठी माध्यमातून नवशिक्यांना जपानी शिकवायला लागलो आहे. १ ते १०० आकडे सगळे धडाधड म्हणतात. पण तारीख आणि वेळ अक्षरी लिहायला दिली की वही लाल होते. रोज वीस-पंचवीस आकड्यांचा सराव देतो, तरी फरक पडत नाही. स्वाध्याय कसे तयार करावेत?”

सराव वाढवण्याआधी मुलं नेमकी कुठे चुकतात ते पाहा. मला खात्री आहे की चूक आकड्यात नसते, आकडा आणि त्यापुढचा शब्द जिथे जुळतात तिथे असते. ‘क्यू’ म्हणजे नऊ हे त्यांना पक्कं माहीत आहे. ‘जि’ म्हणजे वाजणे, हेही माहीत आहे. पण नऊ वाजणं ‘क्यूजि’ होत नाही, ‘कुजि’ होतं. तुमचा रोजचा सराव सुट्या आकड्यांचा असेल, तर जे येतं तेच पुन्हा घोटलं जातंय आणि जे येत नाही त्याला हात लागत नाही.

सुटे आकडे जपानीत सोपे आहेत, आणि मराठी माणसाला तर फारच. एकोणतीस, सदतीस, त्रेसष्ट असे शंभर वेगवेगळे शब्द लहानपणी पाठ केलेल्या माणसाला ‘दोन-दहा-चार म्हणजे चोवीस’ ही रचना खेळ वाटते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन तासांत मुलं जोरात पुढे जातात आणि शिक्षकाचा समज होतो की आकडे ‘झाले’. खरा धडा तिथून सुरू होतो.

पुढे लिहिण्याआधी उच्चार कसे लिहितोय ते सांगतो. देवनागरीत लिहिताना शेवटची वेलांटी मुद्दाम ऱ्हस्व ठेवली आहे आणि ‘ओ’ लांबवायचा असेल तिथे ऽ घातला आहे. ही खूण नुसती सजावट नाही, तिच्यावरच अर्धा धडा उभा आहे. ते पुढे येईल.

हे कशावर अवलंबून आहे

तुमच्या वर्गाबद्दल दोन गोष्टी मला माहीत नाहीत. पहिली, मुलांचा हिरागाना पक्का झाला आहे का? झाला असेल तर अक्षरी उत्तर फक्त हिरागानात घ्या. नसेल, तर आधी तोंडी घ्या आणि लेखी स्वाध्याय दोन आठवडे पुढे ढकला. मध्ये देवनागरीचा पूल बांधायचा मोह होतो, कारण देवनागरी उच्चाराला रोमन लिपीपेक्षा कितीतरी जवळची आहे. पण आपल्या ‘ओ’ला ऱ्हस्व-दीर्घ नाही. ४ तारीख ‘योक्का’ आणि ८ तारीख ‘योऽका’. देवनागरीत लिहिताना मूल ऽ टाकायला विसरतं आणि ८ तारखेचं ‘योका’ असं काहीतरी होऊन बसतं, जे ४ ही नाही आणि ८ ही नाही. हिरागानात या दोन्ही गोष्टींना स्वतःचं अक्षर आहे : एकीत छोटा ‘त्सु’, दुसरीत ‘उ’. तिथे विसरलं तर लगेच दिसतं.

दुसरी गोष्ट, मुलं परीक्षेसाठी शिकतायत का? जेएलपीटीच्या कुठल्याच पातळीला लेखन विचारत नाहीत. एन-५ च्या ऐकण्याच्या भागात मात्र वेळ आणि तारीख हमखास कानावर पडते, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. तेव्हा परीक्षेच्या वर्गात अक्षरी लिहिणं हे साधन आहे, साध्य नाही. तसं पाहिलं तर रोजच्या व्यवहारातही जपानी माणूस वेळ हिरागानात लिहित बसत नाही. तो आकडा आणि त्यापुढे एक कांजी लिहून मोकळा होतो. मग आपण अक्षरी का लिहून घेतो? कारण आकड्यात उच्चार लपतो. ‘९’ लिहिलं की मूल मनात ‘क्यू’ म्हणालं की ‘कु’, हे कळायला मार्ग नाही. अक्षरी उत्तर म्हणजे कागदावर उतरवलेला उच्चार. स्वाध्याय करताना ही एकच गोष्ट डोळ्यासमोर ठेवली, की कुठले आकडे द्यायचे हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो : जिथे उच्चार बदलतो तेच आकडे द्यायचे.

एक ओळ, चार वेळा चार

मी पहिल्या सत्रात एक ओळ वारंवार वापरतो. ४ एप्रिल २०२४, गुरुवार, सकाळी ९ वाजून १४ मिनिटं. उत्तर असं :

निसेन निज्यू योनेन, शिगात्सु योक्का, मोकुयोऽबि, गोझेन कुजि ज्यूयोंपुन.

या ओळीत चार हा आकडा चारदा आला आहे आणि चारही वेळा वेगळा वाजतो. वर्षात ‘यो’, महिन्यात ‘शि’, तारखेत ‘योक्’, मिनिटांत ‘योन्’. मुलाला नुसतं ‘चार म्हणजे योन् किंवा शि’ असं शिकवून ही ओळ लिहायला दिली तर वहीत साधारण हे मिळतं :

निसेन निज्यू योन्नेन, योंगात्सु योन्निचि, मोकुयोबि, गोझेन क्यूजि ज्यूयोंफुन.

लाल पेन उचलला तर सहा चुका. पण त्या सहा वेगळ्या चुका नाहीत. ‘योन्नेन’, ‘योंगात्सु’, ‘योन्निचि’ आणि ‘क्यूजि’ या चारींमागे एकच कारण आहे : मुलाने सुटा आकडा उचलला आणि पुढचा शब्द जसाच्या तसा चिकटवला. ‘योंफुन’मध्ये आकडा बरोबर आहे, पण पुढचं ‘फुन’ बदलून ‘पुन’ व्हायला हवं होतं. आणि ‘मोकुयोबि’ ही निव्वळ लांबीची चूक, तिचा आकड्यांशी संबंध नाही. म्हणजे तीन प्रकार झाले : आकड्याचं रूप चुकलं, पुढच्या शब्दाचं रूप चुकलं, आणि लेखन चुकलं. वही तपासताना मी समासात नुसतं आ, पु, ले असं लिहितो. आठवडाभरात कोणाला कशाची गरज आहे ते समासावरून कळतं. ‘पु’वाल्या मुलाला पुन्हा महिने लिहायला लावण्यात अर्थ नसतो.

यातल्या ‘आ’ प्रकाराला घाबरायचं कारण नाही, कारण त्रास देणारे आकडे फक्त तीन आहेत : ४, ७ आणि ९. या तिघांनाच दोन-दोन रूपं आहेत. चारला ‘योन्’ आणि ‘शि’, सातला ‘नाना’ आणि ‘शिचि’, नवाला ‘क्यू’ आणि ‘कु’. वाजण्याच्या बाबतीत ‘योजि, शिचिजि, कुजि’. महिन्यांत ‘शिगात्सु, शिचिगात्सु, कुगात्सु’. दोन्हीकडे सात आणि नऊ सारखेच आहेत, चार तेवढा वेगळा. म्हणून वाजणं आणि महिने हे दोन धडे मी लागोपाठ घेतो आणि एकाच पानावर शेजारी लिहून घेतो. मुलांना स्वतःच दिसतं की अडचण एका आकड्याची आहे.

मिनिटं : इथे थोडा वेळ द्या

मिनिटांत उलट होतं. आकड्याची रूपं साधी राहतात (४ ‘योन्’, ७ ‘नाना’, ९ ‘क्यू’), पण सांधा बदलतो. काही वेळा ‘फुन’चं ‘पुन’ होतं, काही वेळा आकडाही आखडतो. पाठ्यपुस्तकांत १ ते १० चा तक्ता असतो आणि मुलं तो कवितेसारखा म्हणतात : इप्पुन, निफुन, सांपुन, योंपुन, गोफुन, रोप्पुन, नानाफुन, हाप्पुन, क्यूफुन, ज्युप्पुन. कविता पाठ होते, पण मधूनच ‘आठ मिनिटं’ विचारलं की मूल पहिल्यापासून म्हणत येतं. तक्ता फळ्यावर लिहावा, पण स्वाध्यायात तो क्रम मोडावा.

मी ते तीन गटांत देतो. पहिला गट ज्यांना काही होत नाही त्यांचा : २, ५, ७, ९. इथे ‘फुन’ तसाच राहतो. दुसरा गट अनुस्वारात संपणाऱ्यांचा : ३ आणि ४. इथे आकडा तसाच, पण ‘फु’चा ‘पु’ होतो. तिसरा गट १, ६, ८, १० यांचा. इथे आकड्याचा शेवट तुटतो, त्याच्या जागी छोटा ‘त्सु’ येतो आणि ‘फु’चाही ‘पु’ होतो. ‘इचि’मधला ‘चि’ गेला, ‘रोकु’मधला ‘कु’ गेला, ‘हाचि’मधला ‘चि’ गेला. दहामध्ये गंमत आहे : ‘ज्यू’मधला लांबवणारा ‘उ’ जातो आणि त्याच्या जागी छोटा ‘त्सु’ बसतो, म्हणून ‘ज्यूप्पुन’ नाही, ‘ज्युप्पुन’. हिरागानात ‘उ’ही ठेवला आणि छोटा ‘त्सु’ही घातला, ही या गटातली सर्वांत चिवट चूक आहे. ऐकताना ती जवळजवळ कळत नाही, लिहिल्यावरच सापडते. २०, ३०, ४०, ५० मिनिटांनाही हेच लागू, त्यामुळे एक ‘ज्युप्पुन’ नीट बसला की पाच उत्तरं नीट होतात.

दुसऱ्या गटात मराठी मुलाला एक फायदा मिळतो आणि एक खड्डाही. आपण ‘संप’ लिहितो आणि ‘सम्प’ म्हणतो, त्यामुळे ‘सांपुन’ तोंडातून न शिकवता बरोबर येतं. पण कान ‘म’ ऐकतो आणि हात हिरागानात ‘मु’ लिहितो. मी त्यांना सांगतो की जपानीचं ‘न्’ हे अक्षर आपल्या अनुस्वारासारखं वापरा : पुढे काय आहे त्यावर उच्चार ठरेल, खूण तीच राहील. ‘संप’, ‘संत’, ‘संघ’ या तीन शब्दांत आपला अनुस्वार तीन प्रकारे वाजतो आणि टिंब मात्र एकच असतं, हे एकदा म्हणून दाखवलं की पुरतं.

आणखी एक. ३ मिनिटांना ‘पु’वर गोल येतो, पण ३०० ला ‘सांब्याकु’, म्हणजे दोन रेघा येतात. आणि ४ मिनिटांना ‘योंपुन’, पण ४०० ला ‘योंह्याकु’, म्हणजे काहीच नाही. एकाच आठवड्यात मिनिटं आणि शेकडे शिकवले तर मुलं ‘सांबुन’ आणि ‘योंप्याकु’ बनवतात. मी शेकडे (आणि त्यासोबत ‘रोप्प्याकु’, ‘हाप्प्याकु’, ‘सांझेन’, ‘हास्सेन’ ही मंडळी) मिनिटांपासून निदान तीन आठवडे लांब ठेवतो. पाठ्यपुस्तकात ते जवळ आलेले असले तरी.

तारखा

तारखा सगळ्यांत कठीण वाटतात, कारण १ ते १० तारखांत ओळखीचा आकडाच दिसत नाही. त्या दुसऱ्या मोजणीतून आल्या आहेत. जपानीत चिनी मुळाची ‘इचि, नि, सान्’ ही मोजणी आहे, तशी मूळची देशी मोजणीही आहे : हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु, योत्त्सु, इत्सुत्सु, मुत्त्सु, नानात्सु, यात्त्सु, कोकोनोत्सु, तोऽ. वस्तू मोजताना मुलं ती शिकतातच. ती शिकवून झाल्यावरच तारखा घ्या. मग ‘फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योऽका, कोकोनोका, तोऽका’ हे आभाळातून पडल्यासारखं वाटत नाही, प्रत्येकाच्या सुरुवातीला ओळखीचा चेहरा दिसतो. पहिली तारीख एकटी वेगळी. ‘त्सुइताचि’ हा शब्द महिना सुरू होण्यावरून, म्हणजे नवा चंद्र दिसू लागण्यावरून आला आहे. त्यात आकडा शोधू नये, सरळ पाठ करावा.

इथे खरी झुंज ४ आणि ८ ची. दोन्ही ‘यो’ने सुरू, दोन्ही ‘का’ने संपतात. ४ ला मध्ये क्षणभर थांबायचं, ८ ला ‘ओ’ लांबवायचा. आठची देशी मोजणी ‘या’ने सुरू होते, मग तारखेत ‘यो’ कुठून आला असं चौकस मूल विचारतं. जुन्या लेखनात तो ‘याउका’ असा होता. उच्चार बदलत ‘योऽका’ झाला आणि ‘उ’ मागे उरला. म्हणून आजही हिरागानात यो, उ, का असंच लिहितात. याच्या शेजारी १० तारीख ठेवा. ती ‘तोऽका’, पण लिहायची तो, ओ, का, कारण तिथे लांबी वेगळ्या जुन्या अक्षरातून आली. दोन्ही ‘ओऽ’ कानाला सारखेच, लेखन वेगळं. ‘तो, उ, का’ ही चूक मी लेखनाची म्हणून ‘ले’ खाली टाकतो आणि अर्धा गुण देतो, कारण मुलाने ऐकलं बरोबर आहे. ‘योका’ला मात्र गुण नाही, कारण ऐकणाऱ्याला तारीखच कळणार नाही.

अकरापासून गाडी रुळावर येते : आकडा अधिक ‘निचि’. मुलं सुटकेचा श्वास टाकतात आणि तिथेच ठेचकाळतात, कारण १४ आणि २४ पुन्हा देशी मोजणीकडे वळतात : ‘ज्यूयोक्का’, ‘निज्यूयोक्का’. २० तर ‘हात्सुका’. १७, २७ ला ‘शिचि’ आणि १९, २९ ला ‘कु’. म्हणजे १ ते ३१ मधल्या तारखांपैकी लिहून घ्यायच्या कोणत्या? १ ते १० सगळ्या, आणि १४, १७, १९, २०, २४, २७, २९. बाकीच्या तारखा तोंडी झाल्या तरी चालतात. महिन्याचं पूर्ण कॅलेंडर हिरागानात भरून आणा, असा गृहपाठ बरेच जण देतात. त्यात जवळजवळ निम्म्या चौकटी मूल न विचार करता भरतं.

२ आणि २० चीही गल्लत होते, ‘फुत्सुका’ आणि ‘हात्सुका’. ती लेखी स्वाध्यायात क्वचित दिसते, ऐकण्यात फार. म्हणून ही जोडी श्रुतलेखनात ठेवा.

प्रश्न कोणत्या रूपात विचारायचा

स्वाध्याय बिघडण्याचं अर्धं कारण प्रश्नाच्या मांडणीत असतं. सुरुवातीचे तीन-चार स्वाध्याय आकड्यांतून द्या : ९:१४ असं. मराठी शब्दांतून नको. कारण मराठीत ‘चोवीस’ म्हणताना चार आधी येतो आणि वीस नंतर, तर जपानीत वीस आधी. मूल मनात मराठी शब्द म्हणतं आणि ‘योंज्यूनि’, म्हणजे बेचाळीस, लिहून मोकळं होतं. ती जपानीची चूक नव्हे, भाषांतराची आहे, आणि पहिल्या टप्प्यावर आपल्याला भाषांतर तपासायचंच नाही.

नंतर मात्र मराठीतून विचारा, मुद्दाम. कारण आपली वेळ सांगायची पद्धत खास आहे आणि मुलं बोलताना त्याच पद्धतीने विचार करणार आहेत. ‘साडेतीन’ सोपं, ‘सांजि हान्’. ‘हान्’ म्हणजे अर्धा, आणि तो झालेल्या तासाला जोडायचा, आपल्या साडेसारखाच. सव्वा आणि पावणे यांना मात्र सरळ जोडीदार नाहीत. सव्वातीन म्हणजे ‘सांजि ज्यूगोफुन’. पावणेचार दोन प्रकारे येतं : ‘सांजि योंज्यूगोफुन’, किंवा ‘योजि ज्यूगोफुन माए’, म्हणजे चारला पंधरा मिनिटं कमी. दुसऱ्यात मराठी विचाराची दिशा टिकते, म्हणून मुलांना ते आवडतं. पण ‘माए’ विसरलं की तीच वेळ सव्वाचार होते, आणि ऐकणारा तुम्हाला अर्धा तास उशिरा भेटतो. पहिल्या सत्रात मी पावणेचारचं उत्तर ‘सांजि योंज्यूगोफुन’ असंच घेतो. ‘माए’ लिहून कोणी बरोबर आणलं तर पूर्ण गुण.

मराठीतून विचारण्याचा आणखी एक फायदा : ‘साडेतीन वाजले’ आणि ‘साडेतीन वाजता’ हा फरक आपल्याकडे स्पष्ट आहे. पहिल्याला ‘सांजि हान् देस्’, दुसऱ्याला ‘सांजि हान् नि’. हे ‘नि’ घड्याळाच्या वेळेला आणि तारखेला लागतं, पण ‘आज’, ‘उद्या’ यांना लागत नाही. ते वेगळ्या धड्यात घ्या. या स्वाध्यायात वाक्य नकोच, नुसती वेळ लिहू द्या. वाक्य आलं की तपासणीत आणखी एक रकाना वाढतो.

‘दुपार’, ‘संध्याकाळ’, ‘रात्र’ हे शब्दही प्रश्नात जपून वापरा. जपानीत घड्याळाच्या वेळेआधी ‘गोझेन’ किंवा ‘गोगो’ येतं, मध्यरात्र ते दुपार आणि दुपार ते मध्यरात्र. ‘रात्री १ वाजता’ याचं उत्तर ‘गोझेन इचिजि’ आहे, पण ‘रात्र’ वाचून निम्मी मुलं ‘गोगो’ लिहितात. हे शिकवण्यासारखं आहे, पण एकदा मुद्दाम, प्रत्येक प्रश्नात नको. नेमके दुपारी १२ आणि रात्री १२ पहिल्या सत्रात देऊच नका. तिथे ‘गोझेन की गोगो’ यावरच तास संपतो.

तारीख देताना ३/४ असं कधीही लिहू नका. आपण आधी दिवस लिहितो, जपानीत वर्ष, महिना, दिवस असा उतरता क्रम आहे. मूल ३/४ ला मार्चची ४ तारीख समजलं तर चूक त्याची नाही. महिन्याचं नाव लिहा : ३ एप्रिल. मग क्रम उलटवण्याचं काम त्याला करावं लागेल, आणि ते त्याने केलं की नाही हे उत्तरात स्वच्छ दिसेल.

उत्तरसूचीत वाद नको

काही ठिकाणी दोन रूपं चालतात. १० मिनिटांना ‘ज्युप्पुन’ आणि ‘जिप्पुन’, ८ मिनिटांना ‘हाप्पुन’ आणि ‘हाचिफुन’. वर्षांत सातला ‘नानानेन’ आणि ‘शिचिनेन’. माझा नियम : शिकवायचं एकच, स्वीकारायची दोन्ही. जे रूप मी वर्गात शिकवलं ते उत्तरसूचीत पहिलं, दुसरं कंसात. ७ वाजताला ‘नानाजि’ही कधीकधी कानावर येतं. ‘शिचि’ आणि ‘इचि’ यांत ऐकताना गोंधळ होतो म्हणून काही जण मुद्दाम तसं म्हणतात. ऐकलं तर ओळखा, लिहिताना ‘शिचिजि’ लिहा, इतकंच मी सांगतो. ‘क्यूजि’, ‘योंगात्सु’ आणि ‘योन्निचि’ मात्र चूकच, तिथे सवलत नाही.

काही प्रश्न स्वतःच दुहेरी असतात. ‘१ दिवस’ आणि ‘१ तारीख’ कांजीत सारखेच लिहितात, पण पहिला ‘इचिनिचि’ आणि दुसरी ‘त्सुइताचि’. ‘जानेवारी’ हा ‘इचिगात्सु’ आणि ‘एक महिना’ हा ‘इक्कागेत्सु’. ‘४ वाजले’ आणि ‘४ तास’ यांत नुसत्या ‘कान्’चा फरक : ‘योजि’, ‘योजिकान्’. घड्याळ, तारीख आणि कालावधी एकाच पानावर आणू नका. कालावधीला स्वतःचं पान द्या आणि ते सगळ्यांत शेवटी. दीड तास ‘इचिजिकान् हान्’, अडीच तास ‘निजिकान् हान्’, हे तिथे.

मोठ्या संख्या या सत्रात टाळता आल्या तर बरंच. जपानीत दहा हजारांना ‘मान्’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि पुढची गणना चार-चार शून्यांनी चालते. आपला लाख म्हणजे ‘ज्यूमान्’, कोटी म्हणजे ‘इस्सेन्मान्’. आपले स्वल्पविराम तीन आणि मग दोन-दोन अंकांनी पडतात, त्यामुळे ते पाहून जपानीत संख्या वाचता येत नाही. वर्षापुरतं ‘निसेन’ आलं की सध्या भागतं.

एक स्वाध्याय कसा दिसतो

माझं मिनिटांच्या आठवड्याचं पान साधारण असं असतं. वर आठ वेळा, फक्त आकड्यांत : ४:०३, ७:०६, ९:०५, १:१०, ४:१४, ७:३०, ९:०८, १०:०१. यांत वाजण्याचे तिन्ही अवघड आकडे आहेत आणि मिनिटांचे तिन्ही गट. नव्या गोष्टीत जुनी मिसळलेली आहे, पण तारीख नाही. मधल्या भागात उलटा प्रवास : हिरागानात लिहिलेल्या चार वेळा वाचून आकड्यांत लिहायच्या. हा भाग मुलांना सोपा वाटतो, म्हणून मी त्यात एक चुकीची वेळ टाकतो, उदाहरणार्थ ‘क्यूजि रोकुफुन’, आणि चूक शोधून दुरुस्त करायला सांगतो. या एका ओळीत त्यांना दोन सांधे तपासावे लागतात. उत्तर ‘कुजि रोप्पुन’.

शेवटी श्रुतलेखन, चार वेळा, प्रत्येकी दोनदा म्हणून. ते आकड्यांत लिहू द्यायचं. ऐकून आकडा बरोबर आला आणि वर अक्षरी लिहिताना तोच चुकला, तर मुलाचा कान तयार आहे, हात नाही. त्याला हिरागानाचं काम द्यायचं. अक्षरी बरोबर आणि ऐकून चूक, तर तक्ता पाठ झालाय पण आवाज ओळखीचा नाही, त्याला ऐकवायचं. असं पान भरायला वीस मिनिटं लागतात, तपासायला दोन. तुमच्या वीस-पंचवीस आकड्यांच्या जागी हे बारा-सोळा आठवडाभर देऊन पाहा आणि समासातल्या आ, पु, ले मोजा. ‘पु’ निम्म्यावर आल्याशिवाय तारखांना हात लावू नका.